मेडिक्लेमचा ग्रेस संपून पाच दिवस झाले, ब्रेक माफ करून जुनी पॉलिसी पुढं चालू ठेवता येते का?

ऊस_आणि_पाऊस | 15 जुलै
मंडळी, राजारामपुरीत राहतो, शेती कागलकडं. आबांची (वय 67) आणि आईची मेडिक्लेम फ्लोटर आहे, 5 लाखांची, पहिली पॉलिसी जून 2020 ची, दरवर्षी न चुकता रिन्यू केलेली. आबांना शुगर आणि बीपी दोन्ही, दोन्ही पहिल्या फॉर्मवरच लिहिलेलं होतं.

यंदा पॉलिसी 10 जूनला रात्री बारा वाजता संपली. कारखान्याचं शेवटचं बिल लांबलं म्हणून प्रीमियम ग्रेसमध्ये भरायचं ठरलेलं, 3 जुलैला आबांनी स्वतःच्या खात्याचा 38,420 चा चेक शाखेत दिला, पोच घेतली. काल 14 तारखेला साध्या पोस्टानं पत्र आलं की चेक परत आलाय, पॉलिसी रिन्यू झालेली नाही. बँकेचा मेमो 7 जुलैचा आणि कारण काय तर सही जुळत नाही. खात्यात पैसे पुरेसे होते. आबांचा हात दोन वर्षांपासून थरथरतो, सही आता पहिल्यासारखी येत नाही.

आज शाखेत गेलो तर म्हणाले ग्रेस 10 जुलैला संपला, आता नवीन प्रपोजल फॉर्म भरा, नवीन पॉलिसी देतो. म्हणजे शुगर बीपीचा वेटिंग पिरियड पहिल्यापासून. आणि दिवाळीनंतर आबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरतंय. पाच दिवसांसाठी सहा वर्षं पाण्यात जातात का? विनंती अर्ज करून काही होतं का? कुणाला करायचा?

तांबडापांढरा | 15 जुलै
भावा काळजी करू नको, 90 दिवस असतात. माझी पॉलिसी दीड महिना लेट रिन्यू केली होती, बोनस सगळा जसाच्या तसा मिळाला.

जोतिबाची_वाट | 15 जुलै
@तांबडापांढरा ती गाडीची असंल की. गाडीच्या इन्शुरन्सचा नो क्लेम बोनस 90 दिवस टिकतो. मेडिक्लेमला 30 दिवसच.

तांबडापांढरा | 15 जुलै
व्हय, गाडीचीच होती 😀 मला वाटलं सगळ्याला सारखंच असतंय.

मंगला_कदमवाडी | 15 जुलै
आमच्या ह्यांची पॉलिसी तीन वर्षं बंद पडली होती, व्याजासकट हप्ते भरले, एक मेडिकल केलं आणि परत चालू करून दिली. तुम्ही पण रिव्हायव्हलचा फॉर्म मागा, शाखेत मिळतो. पाच वर्षांपर्यंत करता येतं.

शाखा_ते_शेत | 15 जुलै
मंगलाताई, तुमची ती आयुर्विम्याची. तिथं बंद पडलेली पॉलिसी पाच वर्षांत जिवंत करता येते. आरोग्य विमा एक एक वर्षाचा करार असतो, संपला की संपला, तिथं रिव्हायव्हल नावाचं काही नाही. इथं शब्द आहे कंडोनेशन, म्हणजे ब्रेक माफ करणं.

ऊस आणि पाऊस, मी सरकारी विमा कंपनीत एकतीस वर्षं काढून निवृत्त झालोय, त्यातली बरीच अंडररायटिंगला. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देतो. वार्षिक प्रीमियमच्या पॉलिसीला 30 दिवस ग्रेस मिळतो, तो तुमचा हक्क, त्यात अर्ज विनंती काही लागत नाही, पैसे भरले की वेटिंग पिरियड, बोनस सगळं चालू. तुमच्या बाबतीत 11 जून ते 10 जुलै. हे शाखेनं बरोबर मोजलंय. 11 जुलैपासून पुढं हक्क राहत नाही, कंपनीच्या मर्जीवर. पण मर्जी असते हे नक्की, आणि ती शाखेकडं नसते. शाखेतला माणूस नाही म्हणाला ते त्याच्या हातात नाही म्हणून. अर्ज त्याच्यामार्फत डिव्हिजनल ऑफिसला आणि तिथून वर जातो. तेव्हा "होत नाही" हे तोंडी उत्तर धरू नका.

दोन गोष्टी आधी सांगा. एक, 11 जूनपासून आजपर्यंत दोघांपैकी कुणी डॉक्टरकडं गेलंय का, ॲडमिट झालंय का. दोन, तुम्ही नवीन प्रपोजल फॉर्मवर सही केली का.

ऊस_आणि_पाऊस | 15 जुलै
काका, फॉर्म घरी आणलाय, सही केलेली नाही. ॲडमिट कुणी नाही. पण 24 जूनला आबांना गुडघ्यासाठी दाखवलं, एक्सरे काढला. तिथंच डॉक्टर म्हणाले दिवाळीनंतर बदलून घ्या.

रंकाळा_वारा | 15 जुलै
एक्सरेचं सांगायचं कशाला? ओपीडीच तर आहे. तो कागद बाजूला ठेवा आणि अर्जात लिहा सगळं ठणठणीत. उगाच त्यांच्या हातात कोलीत देऊ नका.

शाखा_ते_शेत | 15 जुलै
रंकाळा वारा, इथं मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही आणि जरा सविस्तर लिहितो कारण माणसं इथंच बुडतात.

ब्रेक माफ करायचा म्हटलं की कंपनी एक चांगल्या प्रकृतीचं डिक्लरेशन मागते. त्यात लिहून द्यायचं असतं की मधल्या काळात कुठला आजार, उपचार, तपासणी झाली का. आता समजा त्यांनी "काही नाही" लिहून दिलं आणि ब्रेक माफ झाला. नोव्हेंबरात गुडघ्याचं ऑपरेशन. कॅशलेससाठी हॉस्पिटल सगळे जुने पेपर जोडतं, पहिली तपासणी कधी, एक्सरे कधी. कंपनीच्या वतीनं क्लेम तपासणाऱ्या टीपीएचा डॉक्टर तारीख बघतो, 24 जून. पॉलिसी बंद असतानाची तारीख. डिक्लरेशन काढून बघतो, तिथं "काही नाही". क्लेम तर जातोच, खोटी माहिती दिली म्हणून पॉलिसीपण धोक्यात येते. साठ महिने सलग पॉलिसी झाली की कंपनीला जुनी माहिती उकरून क्लेम नाकारता येत नाही, पण सिद्ध झालेल्या फसवणुकीला ते संरक्षण नाही.

खरं लिहिलं तर काय होतं? गुडघ्याची झीज 24 जूनला सुरू झालेली नाही. आधी कधी दाखवलं होतं का? जून 2026 च्या आधीचा एखादा कागद, प्रिस्क्रिप्शन, गोळ्यांचं बिल असेल तर तो जोडायचा. मग मुद्दा असा होतो की दुखणं पॉलिसी चालू असतानाचंच आहे, मधल्या काळात फक्त तपासणी झाली. अंडररायटरला ब्रेकमध्ये नव्यानं उपटलेला आजार नको असतो. जुनं दुखणं त्याला तसंही पुढं घ्यायचंच होतं.

ऊस_आणि_पाऊस | 15 जुलै
आहे काका. मागच्या वर्षी फेब्रुवारीत सीपीआर हॉस्पिटलला दाखवलं होतं, केसपेपर आहे. रात्रीच आईनं डब्यातनं काढून दिला.

पंचगंगा_काठ | 16 जुलै
एक साधा प्रश्न. तीन वर्षांपूर्वी आमच्या बहिणीची पॉलिसी संपली, बाराव्या दिवशी पैसे भरले, म्हणजे ग्रेसमध्येच. पण नवव्या दिवशी तिला डेंगी होऊन तीन दिवस ॲडमिट केलं होतं. तो क्लेम नाकारला. इथं काका म्हणतात ग्रेस हा हक्क. मग नाकारला कसा?

शाखा_ते_शेत | 16 जुलै
प्रीमियम वर्षाचा एकदम भरत होता की हप्त्यानं?

पंचगंगा_काठ | 16 जुलै
वर्षाचा एकदम.

शाखा_ते_शेत | 16 जुलै
मग नाकारला ते नियमाला धरूनच. ग्रेसमध्ये तुमची जुनी सेवाज्येष्ठता सांभाळली जाते, त्या दिवसांचा आजार नाही. पैसे आले नाहीत त्या दिवसांची जबाबदारी कंपनी घेत नाही. प्रीमियम महिन्याच्या किंवा तिमाहीच्या हप्त्यानं भरत असाल तर 2024 पासून ग्रेसमधल्या दिवसांनाही कव्हर द्यावं लागतं, महिन्याच्या हप्त्याला 15 दिवस, बाकीच्या हप्त्यांना 30. पण ते चालू पॉलिसी वर्षातल्या हप्त्यांपुरतं.

ऊस आणि पाऊस, हे तुम्हालाही लागू. उद्या ब्रेक माफ झाला तरी 11 जूनपासून नवे पैसे जमा होईपर्यंत काही झालं असतं तर ते तुमच्या खिशातनं. म्हणून अर्जात स्वतःहून लिहा की त्या दिवसांचा क्लेम मागणार नाही. त्यांचा निम्मा जीव तिथंच भांड्यात पडतो.

पंचगंगा_काठ | 16 जुलै
आलं लक्षात. तेव्हा हे असं कुणी समजावलं असतं तर दीड वर्ष भांडत बसलो नसतो.

कोर्टाची_पायरी | 16 जुलै
वकिली करते, ग्राहक आयोगातल्या केसेस बऱ्याच असतात म्हणून लिहिते. कायद्याची बाजू तितकी भक्कम नाही हे आधी समजून घ्या. विमा कायद्याच्या 64व्हीबी कलमाप्रमाणं प्रीमियम आल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. चेक दिला तर दिल्या दिवसापासून धरतात, पण वटला तर. वटला नाही तर पैसे आलेच नाहीत असं होतं, 2001 मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच म्हटलंय. त्यामुळं "मी 3 जुलैला चेक दिला होता, म्हणजे मी ग्रेसमध्येच आहे" असा दावा करून कोर्टात जिंकायची आशा मी देणार नाही.

पण विनंती म्हणून तोच मुद्दा सगळ्यात जोरदार आहे. पैसे नव्हते म्हणून चेक परत आलेला नाही, सही जुळली नाही म्हणून आलाय. रिन्यू करायची इच्छा होती, वेळेत चेक दिला, खात्यात रक्कम होती. बँकेचा मेमो आणि 3 ते 7 जुलैचं खात्याचं स्टेटमेंट, दोन्ही जोडा.

हिशोबी_माणूस | 16 जुलै
अजून एक मुद्दा कुणी घेतला नाही. 4 ऑक्टोबर 2025 पासून चेक बँकेत दिवसभर स्कॅन होऊन लगेच पुढं जातात, पास की परत ते पहिल्यासारखं दोन दिवस लटकत नाही. 3 जुलै शुक्रवार, शनिवार रविवार सोडा, कंपनीनं सोमवारी भरला असणार, मेमो मंगळवार 7 चा. म्हणजे कंपनीला 7 तारखेला कळलं की चेक परत आलाय, ग्रेस संपायला तीन दिवस शिल्लक होते. एक फोन केला असता तर त्याच दिवशी ऑनलाइन भरले असते. त्यांनी साध्या पोस्टानं पत्र टाकलं. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का बघा कुठल्या तारखेचा आहे.

ऊस_आणि_पाऊस | 16 जुलै
बघितलं. शिक्का 11 जुलैचा आहे! पत्रावर तारीख 8 जुलै.

हिशोबी_माणूस | 16 जुलै
मग पाकीट जपून ठेवा. झेरॉक्स दोन्ही बाजूंची. पत्र बाहेर पडलं तेव्हाच ग्रेस संपलेला.

रंकाळा_वारा | 16 जुलै
पण कंपनी म्हणेल आम्ही एसेमेस पाठवला होता.

ऊस_आणि_पाऊस | 16 जुलै
तेच म्हणाले शाखेत. एसेमेस गेलाय, पण पॉलिसीवर नंबर एजंटचा आहे. 2020 ला त्यानंच फॉर्म भरला होता. तो आता इचलकरंजीला दुसरा धंदा करतो, फोन उचलत नाही.

जोतिबाची_वाट | 16 जुलै
अरारा. हे निम्म्या कोल्हापुरात असंच आहे. माझ्या सासऱ्यांच्या पॉलिसीवर पण एजंटच्या बायकोचा नंबर निघाला.

रंकाळा_वारा | 16 जुलै
दुसऱ्या कंपनीत पोर्ट करून टाका की. वेटिंग पिरियड सोबत येतो असं जाहिरातीत सांगतात.

शाखा_ते_शेत | 16 जुलै
पोर्टला चालू पॉलिसी लागते, आणि अर्ज संपायच्या 45 दिवस आधी द्यायचा असतो. संपलेल्या पॉलिसीला पोर्ट नाही. आधी ही जिवंत करून घ्या, मग पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये विचार करा.

अर्जाचा मसुदा देतो, मराठीत चालतो, माझ्या काळात आम्ही मराठी अर्जावरच नोट लिहून वर पाठवायचो.

"प्रति, शाखाधिकारी, मार्फत डिव्हिजनल मॅनेजर. विषय: पॉलिसी क्रमांक अमुक, रिन्यूअलमधील ब्रेक कंडोन करून कंटिन्युइटी कायम ठेवणेबाबत. वरील पॉलिसी जून 2020 पासून सलग चालू असून दि. 10 जून रोजी संपली. ग्रेस कालावधीत दि. 3 जुलै रोजी रु. 38,420 चा चेक शाखेत जमा केला, पोच सोबत. सदर चेक अपुऱ्या रकमेमुळे नव्हे तर सहीतील फरकामुळे दि. 7 जुलै रोजी परत आला, मेमो व खाते उतारा सोबत. याबाबतचे आपले पत्र दि. 11 जुलै रोजी टपालात पडले व 14 जुलै रोजी मिळाले, पाकीट सोबत. त्यामुळे ग्रेसमध्ये पुन्हा रक्कम भरणे शक्य झाले नाही. तरी ग्रेसनंतरचा विलंब माफ करून, प्रतीक्षा कालावधी, साठ महिन्यांची सलगता व संचित बोनस कायम ठेवून पॉलिसी रिन्यू करावी. दि. 11 जूनपासून रक्कम जमा होईपर्यंतच्या काळातील कोणताही क्लेम मागणार नाही. या काळातील वैद्यकीय तपासणीची माहिती सोबतच्या डिक्लरेशनमध्ये दिली आहे. आवश्यक त्या तपासण्या करण्यास तयार आहोत. निर्णय लेखी कळवावा."

सही आबांची, आणि बँकेत आधी नवीन सही नोंदवून घ्या, नाहीतर पुढचा चेकही परत यायचा. अर्ज दोन प्रतीत, एकीवर इनवर्डचा शिक्का आणि तारीख. मेलही टाका त्याच दिवशी, डिव्हिजनल ऑफिस आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला.

आणि उशीर करू नका. पाच दिवसांचा ब्रेक माफ करायला वरचा साहेब सहज कलम चालवतो, पंचवीस दिवसांचा झाला की त्याला स्वतःच्या ऑडिटची भीती वाटते.

कोर्टाची_पायरी | 16 जुलै
मसुदा उत्तम आहे. "साठ महिन्यांची सलगता" हे शब्द काढू नका, बरेच जण फक्त वेटिंग पिरियड लिहितात. आबांची साठ महिने गेल्या जूनमध्येच पूर्ण झालीत, ती मोठी ठेव आहे.

तांबडापांढरा | 17 जुलै
मला एक कळंना. अर्ज वर जाऊन निर्णय यायला समजा वीस दिवस लागले. तेवढे दिवस आबा बिनपॉलिसीचे? उद्या रस्त्यात गाडीवरनं घसरले तर? पावसात काय रस्ते आहेत माहितीच आहे सगळ्यांना.

कोर्टाची_पायरी | 17 जुलै
चांगला प्रश्न. मी म्हणेन नवीन पॉलिसी घ्या आणि अर्जही चालू ठेवा. नव्या पॉलिसीत अपघात पहिल्या दिवसापासून असतो, आजारांना 30 दिवस थांबावं लागतं. नवीन पॉलिसीला 30 दिवसांचा फ्री लुक असतो, तेवढ्यात ब्रेक माफ झाला तर ती परत करता येते, थोडी कपात होऊन पैसे मिळतात. फक्त फॉर्मसोबत लेखी द्या की कंडोनेशनचा अर्ज प्रलंबित आहे आणि त्यावरचा हक्क राखून घेतोय.

शाखा_ते_शेत | 17 जुलै
ताई, कायद्यानं तुमचं बरोबर असेल पण मी टेबलाच्या त्या बाजूला बसलेलो आहे. त्याच कंपनीची नवी पॉलिसी घेतली की वरचा माणूस नोट वाचताना म्हणतो "पॉलिसी तर दिलेली आहे, आता काय राहिलं" आणि फाइल बंद करतो. मी स्वतः अशा फायली बंद होताना बघितल्यात. अपघाताची भीती असेल तर वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या, ती स्वस्त पडते आणि अर्जाच्या आड येत नाही. फक्त तीत हॉस्पिटलचा खर्च मिळतो का ते बघून घ्या, बऱ्याचशा फक्त मृत्यू आणि अपंगत्वाला पैसे देतात.

कोर्टाची_पायरी | 17 जुलै
67 व्या वर्षी, शुगर असलेल्या माणसाला तीन आठवडे उघडं ठेवायचं हे मला पटत नाही. फाइल बंद केली तर ती उघडायला विमा लोकपाल आहेत. ज्याला त्याला आपला धोका ठरवू दे.

शाखा_ते_शेत | 17 जुलै
हे मात्र मान्य.

ऊस_आणि_पाऊस | 17 जुलै
आबांना दोन्ही बाजू सांगितल्या. ते म्हणाले आधी अर्ज, आठवडाभर बघू. तोवर गाडीवर बसणार नाही असं कबूल केलंय, आईनंच चावी काढून घेतली. अर्ज आज दिला, शिक्का घेतला. शाखेतल्या मॅडम चांगल्या निघाल्या, म्हणाल्या पाकिटाचा शिक्का जोडलाय हे बरं केलंत, मी नोटमध्ये लिहिते.

मंगला_कदमवाडी | 17 जुलै
होईल बघा तुमचं काम, अंबाबाई आहे पाठीशी.

सोळांकूरची_सून | 19 जुलै
लोकपाल म्हणजे कुठं जायचं असतं? मुंबईला?

कोर्टाची_पायरी | 19 जुलै
आपल्या जिल्ह्याला पुणे. जायला लागतंच असं नाही, cioins.co.in वर ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही, वकील चालत नाही. पण थेट जाता येत नाही. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्यायचं, त्यांनी नाकारलं किंवा 30 दिवस उत्तर दिलं नाही की मग लोकपाल, आणि नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत. मध्ये bimabharosa.irdai.gov.in वर तक्रार टाकून ठेवा किंवा 155255 ला फोन करा, ती तक्रार कंपनीकडंच जाते पण तिचा नंबर पडतो आणि उत्तर द्यावं लागतं.

ह्या केसमध्ये लोकपाल कंपनीला ब्रेक माफ करायला लावतीलच असं मात्र मी म्हणणार नाही. पत्र उशिरा टाकलं हा सेवेतला दोष आहे, त्यावर भर देता येईल.

रंकाळा_वारा | 22 जुलै
काय झालं पुढं?

ऊस_आणि_पाऊस | 23 जुलै
डिव्हिजनल ऑफिसमधनं फोन आला. आबांचं एचबीए1सी, ईसीजी, क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी त्यांच्या पॅनेलच्या लॅबमध्ये करायला सांगितलंय, खर्च आपला. एचबीए1सी 7.4 आलं. घरात सगळ्यांचा जीव खालवर, एवढ्यावरनं नाकारतील का?

शाखा_ते_शेत | 23 जुलै
मधुमेह त्यांना 2020 पासून माहिती आहे. ते बघतात की ब्रेकच्या काळात किडनी किंवा हृदयाचं काही नवीन निघालंय का. तपासण्या करायला सांगितल्या म्हणजे फाइल वाचली गेली, ती खूणच चांगली. नाकारायचं असतं तर दोन ओळींचं पत्र आलं असतं.

ऊस_आणि_पाऊस | 31 जुलै
मंडळी, झालं! ब्रेक माफ केल्याचा मेल आला. आज सकाळी नेटबँकिंगनं पैसे भरले. पॉलिसी 31 जुलैपासून, 11 जून ते 30 जुलै कव्हर नाही असं स्पष्ट लिहिलंय, ते मान्यच होतं. काका, ताई, हिशोबी, सगळ्यांचे मनापासून आभार. आबांनी हा सगळा धागा माझ्याकडनं वाचून घेतला.

जोतिबाची_वाट | 31 जुलै
नाद खुळा! पेढे पाठवा आता.

शाखा_ते_शेत | 31 जुलै
अभिनंदन. पण मेलवर विसंबू नका, शेड्यूलची पीडीएफ उघडा आणि तीन जागा बघा. मागील पॉलिसी क्रमांक छापलाय का, पहिल्या पॉलिसीची तारीख काय दिसते, आणि बोनसची रक्कम. वरून मंजुरी मिळते आणि शाखेत सिस्टीममध्ये भरताना नवीन धंदा म्हणून नोंदवलं जातं, हे मी कितीदा तरी बघितलंय. क्लेमच्या वेळी टीपीए मेल बघत नाही, शेड्यूल बघतो.

ऊस_आणि_पाऊस | 31 जुलै
काका बघितलं. मागील पॉलिसी क्रमांक आहे, बोनस आहे. पण पहिल्या पॉलिसीची तारीख आईच्या नावापुढं 11/06/2020 आणि आबांच्या नावापुढं 31/07/2026 छापलीय!

कोर्टाची_पायरी | 31 जुलै
नेमकं ज्यांचं ऑपरेशन आहे त्यांचीच. हे आजच लेखी द्या, मंजुरीचा मेल जोडून.

शाखा_ते_शेत | 31 जुलै
घाबरू नका, हे दुरुस्त होतं, त्याला एंडोर्समेंट म्हणतात, पैसे लागत नाहीत. पण ऑपरेशनच्या आधी हातात पाहिजे. कॅशलेसचा अर्ज गेला आणि सिस्टीममध्ये तारीख जुलै 2026 दिसली तर गुडघा बदलायला दोन वर्षांचं वेटिंग दाखवून पहिल्याच झटक्यात नकार येतो, मग समजावत बसा. त्याच अर्जात मोबाइल नंबरही बदलून घ्या, तुमचा आणि आबांचा दोन्ही द्या.

ऊस_आणि_पाऊस | 3 ऑगस्ट
अर्ज आज दिला, इनवर्ड शिक्का घेतला. नंबर लगेच बदलून दिला, आबांच्या मोबाइलवर मेसेजही आला. तारखेचं म्हणाले सिस्टीममधनं डिव्हिजनल ऑफिसलाच बदलता येतं, आठ दिवस लागतील. ऑपरेशनची तारीख एंडोर्समेंट मिळाल्यावरच घेणार असं डॉक्टरांना सांगून आलोय.

सोळांकूरची_सून | 3 ऑगस्ट
माझ्या सासूबाईंची पॉलिसी उघडून बघितली, पहिल्या तारखेचा रकानाच कोरा आहे. हे पण दुरुस्त करून मागायचं का काका? रिन्यूअल सप्टेंबरात आहे.

शाखा_ते_शेत | 3 ऑगस्ट
मागा, आणि सप्टेंबरच्या आधीच मागा. जुन्या पॉलिसींच्या प्रती असतील तेवढ्या जोडा, पहिली असेल तर उत्तमच.